मांजर लंगडत नाही, तरी सांधे दुखत असतील: म्हाताऱ्या मांजराचा संधिवात ओळखायचा कसा आणि घर बदलायचं कुठून

वय झालेल्या मांजराचा संधिवात घरच्यांच्या नजरेतून सुटतो, कारण सगळे तिच्या लंगडण्याची वाट बघत असतात. मांजराच्या बाबतीत बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे सांधे एकदमच झिजतात: दोन्ही कोपरं, दोन्ही खुबे, दोन्ही गुडघे. मग ती कुठला पाय उचलून धरणार? ती लंगडत नाही, ओरडत नाही, जे दुखतं ते करणं गुपचूप सोडून देते. आणि आपण म्हणतो, "आता वय झालं, शांत झाली."

२००२ साली अमेरिकेत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांच्या एक्स-रेंचा अभ्यास झाला, त्यात ९० मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यात झीज दिसली. झीज दिसली म्हणजे प्रत्येकीला वेदना होतेच असं नाही. पण घरात अकरा-बारा वर्षांची मांजर असेल तर "हिला नसेल" असं धरून चालणं चुकीचं आहे.

दुसरी गडबड क्रमाची होते. लोक आधी मऊ गादी आणतात, मग कुणीतरी सांगितलेलं मलम लावतात, आणि डॉक्टरांकडे सर्वांत शेवटी जातात. क्रम याच्या उलट हवा: आधी नोंद, मग तपासणी, मग घर, मग वजन आणि नखं, आणि शेवटी पुन्हा तीच नोंद. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण सोबत ठेवू. सोनी, १३ वर्षांची, वजन ५.६ किलो, पुण्यातला फ्लॅट, घरभर गुळगुळीत टाइल्स. आवडती जागा म्हणजे दिवाणाला लागून असलेली खिडकी. गेल्या काही महिन्यांत ती खिडकीत बसत नाही आणि कधीकधी ट्रेच्या बाहेर पायपुसणीवर शू करते.

## १. पहिला आठवडा फक्त बघा

या आठवड्यात घरात काहीही बदलू नका. आत्ताच पायऱ्या ठेवल्या, ट्रे बदलला, तर मूळ त्रास किती होता हे नंतर सांगता येणार नाही.

सहा हालचालींकडे लक्ष द्या: जिना चढणं, जिना उतरणं, पळणं, उडी मारून वर जाणं, उडी मारून खाली येणं, आणि हलत्या वस्तूच्या मागे धावणं. प्रत्येकीसाठी स्वतःला विचारा: दोन वर्षांपूर्वी ती हे कसं करायची आणि आज कसं करते? जुने व्हिडिओ फोनमध्ये असतील तर ते काढून शेजारी ठेवा. माणसाची आठवण इथे फसवते, कारण बदल इतका हळू होतो की रोज बघणाऱ्याला तो दिसतच नाही.

"उडी मारते की नाही" एवढंच बघू नका, कशी मारते ते बघा. सोनी दिवाणावर अजून जाते, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. नीट पाहिलं तर ती आधी खाली उभी राहून बराच वेळ अंदाज घेते, मग पुढचे पंजे चादरीवर रोवते आणि मागचं अंग ओढून वर घेते. पूर्वी ती एका झेपेत जायची. उतरताना ती पुढचे पाय दिवाणाच्या कडेवरून जितके खाली नेता येतील तितके नेते आणि मग धपकन उतरते. खाली येताना अंगाचा भार पुढच्या पायांवर, म्हणजे कोपरांवर पडतो. वर चढायला फारशी अडचण नसताना उतरायला कचरणारी मांजर बरेचदा कोपरांचं दुखणं सांगत असते.

सवयींतले बदलही लिहून ठेवा. कमरेवरचे आणि शेपटीच्या मुळाजवळचे केस विस्कटलेले, कोंडा असलेले किंवा गुंतलेले आहेत का? मान वळवून तिथपर्यंत जीभ नेणं दुखत असेल तर ती तो भाग चाटत नाही. उभ्या खांबावर नखं घासणं कमी झालंय का? कमरेवरून हात फिरवल्यावर कातडी थरथरते का, शेपूट आपटते का, ती उठून निघून जाते का? आणि सर्वांत जास्त चुकीचा अर्थ लावला जातो ती गोष्ट म्हणजे ट्रे. ट्रेच्या अगदी शेजारी शी करणं किंवा ट्रेमध्ये उभ्याउभ्या शू करून ती भिंतीवर उडवणं याला लोक खोडी समजतात. उंच काठ ओलांडणं आणि वाळूत पाय रोवून बसून राहणं तिला जमत नसेल, हा विचार आधी करा.

व्हिडिओ काढताना फोन मांजराच्या उंचीवर, जमिनीजवळ धरा आणि बाजूने घ्या. चालणं, एक चढ, एक उतार आणि ट्रेमध्ये जाणं, प्रत्येकी अर्धा मिनिट पुरे. स्लो मोशन असेल तर उडीसाठी वापरा. तिला खेळण्याने किंवा खाऊने जबरदस्तीने उडवू नका, ती स्वतःहून करेल तेव्हाच टिपा.

थांबा, हे संधिवातात बसत नाही. मागचे पाय अचानक लुळे पडले, गार लागतात आणि ती किंचाळते, तर रक्ताची गाठ अडकलेली असू शकते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथतो आणि शू होत नाही, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. या दोन्हींत आठवडाभर नोंद करत बसायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून ती चालायला लागली असेल, सोबत पाणी जास्त पीत असेल, तर मधुमेहाची शंका येते. तेही डॉक्टरांना लवकर सांगा.

## २. डॉक्टरांकडे काय न्यायचं आणि काय विचारायचं

दवाखान्यात मांजर टेबलावर दगडासारखी गोठून बसते, चालून दाखवत नाही. म्हणून व्हिडिओ आणि लिहिलेली नोंद हीच खरी माहिती. नाहीतर "खाते, पिते, जरा झोपते जास्त" एवढंच आपण सांगतो, आणि त्यावरून कुणालाही काही कळत नाही.

डॉक्टर सांधे हाताने वाकवून बघतील, गरज वाटली तर एक्स-रे सांगतील. एक्स-रेसाठी हलकं गुंगीचं औषध द्यावं लागू शकतं. दुखरे सांधे ओढून, धरून फोटो काढण्यापेक्षा ते बरं. मात्र एक्स-रे आणि वेदना यांचं प्रमाण जुळेलच असं नाही. फोटोत भरपूर झीज असलेली मांजर आरामात असते, तर कधी फोटो जवळपास साफ असूनही त्रास असतो. त्यामुळे काही वेळा डॉक्टर काही आठवडे वेदनाशामक देऊन हालचाल सुधारते का ते बघतात. तेव्हाही आपले आधीचे व्हिडिओच कामी येतात.

वेदनेचं औषध सुरू करण्याआधी रक्त आणि लघवीची तपासणी झाली का, हा प्रश्न जरूर विचारा. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार खूप आढळतो आणि मेलॉक्सिकॅमसारखी औषधं मूत्रपिंडावर भार टाकू शकतात. आपल्या सोनीच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, तर डॉक्टर औषधाची निवड बदलतील, मात्रा कमी ठेवतील किंवा तपासण्या लवकर लवकर करतील. हा निर्णय त्यांचाच. आपलं काम एवढंच की औषध चालू असताना उलटी झाली, खाणं बंद झालं किंवा ती फार मलूल वाटली तर पुढचा डोस न देता फोन करायचा.

हे कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही आणि एका गोळीच्या तुकड्यानेही जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही नको. माणसांची दुखण्याची मलमं, स्प्रे, बाम लावू नका, कारण लावलेलं सगळं ती चाटून पोटात घेते. घरात कुत्रा असेल तर त्याच्या बाटलीतलं औषध "थोडंसंच" म्हणून देऊ नका, त्याची तीव्रता वेगळी असते.

## ३. घर बदलताना: एका वेळी एकच गोष्ट

उत्साहात एका रविवारी सगळं घर हलवलं जातं, आणि नेमकी दुखरी, बुजरी मांजर कपाटामागे जाऊन बसते. दोन बदलांमध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या. जुनी वस्तू लगेच उचलू नका, नवी तिच्या शेजारी ठेवा. आणि सुरुवात गादीपासून नको, ट्रेपासून करा. खिडकीत बसता आलं नाही तर मांजर दुसरी जागा शोधते. ट्रे दुखतो म्हणून ती शू-शी धरून ठेवू लागली तर बद्धकोष्ठ आणि मूत्राशयाचे त्रास सुरू होतात.

### ट्रे

बाजारातले ट्रे म्हाताऱ्या मांजरासाठी बहुधा लहान आणि काठाला उंच असतात. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी. सोनी ४६ सेंमी लांब धरली तर साधारण ७० सेंमी. एवढा ट्रे मिळत नाही, म्हणून कपडे-पांघरुणं ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकण काढा आणि एका बाजूला कापून जमिनीपासून ५ ते ७ सेंमी उंचीचं दार करा. बाकी तीन बाजू उंच राहू द्या, म्हणजे उभ्याने केलेली शू बाहेर जाणार नाही. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा आणि वरून जाड टेप लावा.

वाळू ३ सेंमीच्या आसपास, बारीक दाण्याची आणि वास नसलेली. जास्त भरली की पाय रुततात आणि तोल सांभाळताना सांध्यांवर ताण येतो. लाकडाच्या जाड गोळ्यांवर उभं राहणं तिला टोचतं. वाळू पातळ असल्यामुळे दिवसातून दोनदा साफ करावी लागेल, ते टाळू नका.

जागा महत्त्वाची. ट्रे वॉशिंग मशीनजवळ नको, ओल्या बाथरूममध्ये नको, आणि घर दुमजली असेल तर प्रत्येक मजल्यावर एक हवा. बाल्कनीत ट्रे असेल तर दाराचा उंबरठा मोजा. तो उंच असेल तर ट्रे घरात घ्या.

*पडताळा:* चार दिवसांनी नव्या ट्रेमध्ये रोज शू आणि शी दोन्ही दिसतात का? जुना ट्रे सलग आठवडाभर कोरडा राहिला की मगच तो उचला.

### फरशी

व्हिट्रिफाइड टाइल्सवर मांजराचे मागचे पाय सरकतात. सरकू नये म्हणून ती अंग आखडून चालते आणि त्याने दुखणं वाढतं. सगळं घर झाकायची गरज नाही. झोपण्याच्या जागेपासून ट्रे, तिथून पाणी, तिथून दिवाण, एवढाच तिचा रोजचा रस्ता पायाखाली धरणारा करा. जुन्या योगा मॅटच्या ३० सेंमी रुंद पट्ट्या कापून टाकल्या तरी चालतात. रबरी तळाची पायपुसणीही चांगली. सतरंजी किंवा जाजम नुसतं टाकू नका, तेच टाइलवरून घसरतं. खाली रबरी जाळी घाला किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप लावा. पट्ट्यांमध्ये फट ठेवू नका, नाहीतर ती नेमकी त्या फटीत घसरते.

### चढ-उतार

दिवाण किंवा सोफा साधारण ४५ सेंमी उंच असतो. त्यासाठी १५ सेंमीची एक आणि ३० सेंमीची एक अशा दोन पायऱ्या करा. पहिली पायरी म्हणजे रद्दीचा सुतळीने घट्ट बांधलेला गठ्ठा, दुसरी म्हणजे उंच चौरंग. दोन्हींवर योगा मॅटचा तुकडा घट्ट बांधा. पायरी इतकी खोल हवी की मांजर तिच्यावर चारही पाय ठेवून थांबू शकेल, म्हणजे ३५ ते ४० सेंमी. अरुंद, तिरक्या शोभेच्या पायऱ्या म्हाताऱ्या मांजरासाठी उपयोगाच्या नाहीत.

ठेवण्याआधी हाताने जोरात दाबून आणि ढकलून बघा. एकदा पायरी डगमगली की ती पुन्हा तिच्यावर पाय ठेवणार नाही, आणि विश्वास परत मिळवायला फार दिवस जातात. पायऱ्या तिच्या नेहमीच्या चढण्याच्या जागीच ठेवा, आपल्याला सोयीच्या कोपऱ्यात नको. वर खाऊचा एक दाणा ठेवा आणि बाजूला व्हा. उचलून पायरीवर बसवू नका.

दिवाणावरून सोनीची खिडकी आणखी ३० सेंमी वर असेल, तर दिवाणावर पक्की, न दबणारी एक पायरी लागेल. मऊ उशी नको, ती दबते आणि पाय मुरगळतो. जिथून ती उडी मारून उतरते तिथे खाली जाड रबरी मॅट किंवा घडी घातलेली गोधडी टाका, तीही न सरकणारी. कपाटावर किंवा माळ्यावर जायची सवय असेल तर तो रस्ता बंद करा आणि खाली, पण जमिनीपासून थोड्या उंच जागी बसायची दुसरी सोय द्या. उंचावरून बघायला मिळालं नाही तर मांजर अस्वस्थ राहते.

### खाणं-पाणी आणि झोप

वाट्या पाटावर ठेवा, जमिनीपासून ८ ते १० सेंमी वर, म्हणजे मान आणि कोपरं खाली वाकवावी लागत नाहीत. पाणी निदान दोन ठिकाणी ठेवा.

झोपायला महागडा बेड लागत नाही. चारपदरी गोधडी, खाली फोमचा तुकडा, आणि आत शिरताना ओलांडावा लागणार नाही इतका बुटका काठ पुरतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून अंथरुणाच्या अर्ध्या भागातच ठेवा, म्हणजे गरम वाटलं की ती सरकू शकेल. पाणी उकळतं नको. माणसांचा विजेचा हीटिंग पॅड लावून बाहेर जाऊ नका, हळू उठणारी मांजर भाजते.

## ४. वजन, नखं, केस

जास्तीचं वजन प्रत्येक पावलाला सांध्यावर पडतं, पण ते घाईने उतरवणं धोक्याचं आहे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास कमी होणं पुरेसं आहे. समजा डॉक्टरांनी सोनीचं वजन ४.८ किलोवर आणायला सांगितलं. एक टक्का म्हणजे ५६ ग्रॅम, आपण ५० धरू. ८०० ग्रॅम उतरायला १६ आठवडे, म्हणजे जवळपास चार महिने. माणसांचा वजनकाटा १०० ग्रॅमचा फरक दाखवतो, तो इथे निरुपयोगी आहे. लहान बाळांचा काटा किंवा १० किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा वापरा. खाणं मोजून द्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. बहुतेक घरांत वजन अडतं ते आजी-आजोबांनी प्रेमाने दिलेल्या दुधावर आणि मासळीच्या तुकड्यावर. आणि मुद्दाम वजन उतरवत नसताना ते कमी होत असेल तर संधिवातावर ढकलू नका. थायरॉइड, मूत्रपिंड, मधुमेह तपासून घ्या.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी बघा. खांब खरवडणं थांबलं की वरची जुनी सालं गळत नाहीत, नखं जाड होतात, वळतात आणि कधी तळव्याच्या गादीत रुततात. टाइलवर चालताना टकटक ऐकू आली तर तीच खूण समजा. फक्त टोक कापा, आतली गुलाबी रेघ सोडून. एका बैठकीत एक पंजा झाला तरी पुरे, दुखरा पाय ओढून धरू नका. केस मऊ ब्रशने विंचरा, कमरेवर अगदी हलक्या हाताने. घट्ट गाठी कात्रीने कापू नका, म्हाताऱ्या मांजराची कातडी पातळ असते आणि गाठीबरोबर वर ओढली जाते.

## ५. तेच व्हिडिओ पुन्हा

घरातला शेवटचा बदल होऊन तीन-चार आठवडे झाले की पहिल्या आठवड्यातले तेच चार प्रसंग त्याच जागी, त्याच कोनातून पुन्हा चित्रित करा. मांजराच्या त्रासात चांगले-वाईट दिवस येतात, म्हणून एका दिवसावरून ठरवू नका, तीन वेगवेगळ्या दिवसांचे घ्या.

सोनीच्या बाबतीत काय शोधायचं? दिवाणाखाली थबकणं कमी झालं का. पायऱ्या ती चढायला वापरते पण उतरताना अजून उडीच मारते का, तसं असेल तर खालची पायरी उतरण्याच्या बाजूला सरकवा. ट्रेबाहेरची शू थांबली का. कमरेवरचे केस पुन्हा नीट दिसायला लागले का, याला सर्वांत जास्त वेळ लागतो. ती पूर्वीसारखी एका झेपेत खिडकीत जाणार नाही आणि तशी अपेक्षाही नको. झीज भरून येत नाही, कमी होते ती वेदना.

घर बदलून, औषध चालू असूनही हालचालींत काहीच फरक नसेल, तर मात्रा स्वतः वाढवू नका. नवे-जुने व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे परत जा. बरं वाटत असेल तरी औषधावर असलेल्या मांजराची रक्ततपासणी पुढे कधी करायची ती तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या.